आक्काच्या दंडावरचे दाणे

हे लिहिण्याआधी माफी मागितलेली बरी. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर मी लिहिलं ते प्रयोगवहीत लिहिलं: साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. शिवाय विषय माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगाच्या कातडीचा. अशा गोष्टी घरातसुद्धा हळू आवाजात बोलतात. त्या कागदावर मांडाव्यात का, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. शेवटी आक्कालाच विचारलं. ती म्हणाली, "लिही की. पर तू काय चुकलास ते बी लिही."

म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात. त्या वर्षी पाऊस दोनदा येऊन गेला आणि नंतर आलाच नाही. दिवाळीच्या आधीच विहिरीचा तळ दिसायला लागला, आणि संक्रांतीनंतर गावाला टँकरचं पाणी सुरू झालं. गावातल्या बायकांची एक दूध संस्था आहे. शाळेच्या मागे पत्र्याच्या खोलीत तिचं संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ घरोघरचं दूध तिथं येतं, मोठ्या कॅनमध्ये भरलं जातं आणि गाडीतून शीतकरण केंद्राला जातं. शेतात काही पिकलं नव्हतं, पण कडबा कुठून तरी आणून लोकांनी दावणीला एखाददुसरी म्हैस टिकवली होती. त्यामुळे त्या वर्षी गावात सगळ्यांत जास्त जपली गेलेली गोष्ट म्हणजे ते दूध.

त्या केंद्रावर माप घ्यायला माझी आक्का बसायची. तिचं लग्न झालं होतं, आणि दोन वर्षांत ती परत आली होती. का परत आली हे घरात कोणी बोलत नसे. पहिले सहा महिने ती घरातून बाहेर पडली नाही. नंतर संस्थेत माप घ्यायला कोणी बारावी झालेली बाई हवी होती. अध्यक्षबाई स्वतः आमच्या दारात आल्या आणि तिला घेऊन गेल्या. तेव्हापासून ती पहाटे पाचला उठायची, केंद्र झाडून घ्यायची, मापं आणि कॅन धुऊन पालथे घालायची. प्रत्येकीचं दूध ढवळून त्यातलं थोडं छोट्या बाटलीत काढायचं, मशीनवर फॅट बघायचं, दुधात पाणी किती ते सांगणारी डिग्री बघायची आणि आकडे मोठ्याने सांगायचे. फॅट कमी आलं की बायका भांडायच्या.

"माझ्या म्हशीला कालपेक्षा जास्त सरकी घातली, अन फॅट कमी कावून?"

"मावशी, म्हशीला इचारा. मशीन तर सगळ्यांना सारखंच हाय."

असं ती बोलायची. परत आल्यावर जिचा आवाज घरात ऐकू येत नव्हता, ती केंद्रावर असं बोलायची. आईला ती खुर्ची म्हणजे देवाने दिलेली वाटायची. मलाही.

आता दाण्यांचं सांगतो. आक्काच्या दोन्ही दंडांच्या मागच्या बाजूला लहानपणापासून बारीक बारीक दाणे आहेत. थंडी वाजली की अंगावर काटा येतो तसे, पण हे कायमचे. हात फिरवला तर कातडी किसणीसारखी खरखरीत लागते. खाज नाही, दुखत नाही. लहानपणी मी तिच्या दंडाला नखं घासायचो आणि ती मला मारायची. एवढंच आम्हाला त्याचं माहीत होतं. हवा कोरडी असली की ते जास्त उठून दिसतात. त्या वर्षी हवेत कोरडेपणाशिवाय काही नव्हतं.

एरवी ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायची. फाल्गुनात उन्हाचा कहर सुरू झाला तशी कॅन धुताना ती बाह्या वर सारू लागली. एका सकाळी मळ्यातल्या काकूंची नजर तिच्या दंडावर गेली. मळ्यातल्या काकू म्हणजे गावात सगळ्यांत जास्त दूध घालणाऱ्या. त्यांच्याकडे सहा म्हशी. बोलायला फटकळ, पण दुष्ट नाहीत, हे मी मुद्दाम लिहितो. त्यांनी चरवी खाली ठेवली आणि विचारलं, "पोरी, हे काय उठलंय तुला?"

"काय न्हाई काकू. लहानपणापास्नं हाय."

"मला तर खरजेवानी दिसतंय."

रांगेतल्या बायका पुढे येऊन बघू लागल्या. कोणी म्हणालं नायटा असेल, कोणी म्हणालं उष्णतेचं असेल. एक जण हळूच त्याहून मोठ्या रोगाचं नाव घेऊन गेली. त्या संध्याकाळी काकूंनी अध्यक्षबाईंच्या घरी जाऊन सांगितलं की या पोरीचे हात बरे होईपर्यंत तिने दुधाला हात लावू नये. आक्का समोरच होती. काकू तिला म्हणाल्या, "तुझ्यावर राग न्हाई माझा. पर दूध हाय हे. वर कळलं तर सगळ्या गावाचं दूध परत येईल, मग काय करायचं आमी?"

अध्यक्षबाई पेचात पडल्या. त्यांनी मधला मार्ग काढला. दुसऱ्या एका सभासद बाईला मापावर बसवलं आणि आक्काला सांगितलं, "हात बरे झाले की ये. तुझी जागा कोण घेत न्हाई."

हे मला आईने फोनवर सांगितलं. मी तेव्हा बीडला होस्टेलवर राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आई रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, "आक्का परत आतल्या खोलीत बसाया लागलीय."

मला वाटलं, यावर उपाय माझ्याकडे आहे. का वाटलं, ते सांगायला माझ्या पाठीचं सांगावं लागेल, आणि त्याचाही मला संकोच वाटतो.

बीडला आल्यापासून माझ्या पाठीवर पुळ्या यायच्या. खांद्यांपासून कमरेपर्यंत, काही लाल, काही पिकलेल्या. शर्टाला डाग पडायचे. होस्टेलवर नळाला चार दिवसांनी पाणी, घामेजलेला शर्ट दोन-दोन दिवस अंगावर. माझा खोलीतला सोबती, अंबाजोगाईकडचा, मी शर्ट काढला की म्हणायचा, "पाठीवर हरभरा पेरला का बे? या दुष्काळात तुझंच रान तेवढं हिरवं हाय." मी हसायचो, पण नंतर मी अंधारातच कपडे बदलू लागलो.

शेवटी धीर करून बसस्टँडजवळच्या मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने एक बॉडी वॉश दिला. बाटलीवर लिहिलं होतं: सॅलिसिलिक ॲसिड, दोन टक्के. ते नाव वाचून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. प्रयोगशाळेत आम्ही त्याच पांढऱ्या स्फटिकांपासून ॲस्पिरिन बनवलं होतं. दुकानदाराने नीट समजावलं. ओल्या पाठीला लावायचं, दोन-तीन मिनिटं राहू द्यायचं, मग पाण्याने पूर्ण धुऊन टाकायचं. घासायचं नाही, फोडायचं नाही. हे ॲसिड तेलात मिसळतं, म्हणून तेलाने बुजलेल्या छिद्रात उतरतं आणि तिथं चिकटून बसलेल्या मेलेल्या पेशी सैल करतं. लगेच फरक दिसणार नाही, महिना-दीड महिना लागेल. अंग कोरडं पडलं तर एक दिवस आड वापरायचं.

मी तसंच केलं. पाणी यायचं त्या दिवशी आणि साठवलेल्या पाण्यातून मधल्या एखाद्या दिवशी. दोन महिन्यांत नव्या पुळ्या कमी झाल्या. काळे डाग राहिले, पण पाठ हाताला गुळगुळीत लागू लागली. सोबती म्हणाला, "पीक गेलं की रे तुझं."

म्हणून आईचा फोन आल्यावर मी त्याच दुकानात गेलो. बहिणीच्या दंडावर खरखरीत दाणे आहेत म्हणून सांगितलं. त्याने त्याच बॉडी वॉशची बाटली आणि शिवाय एक लोशन दिलं. त्यातही सॅलिसिलिक ॲसिड होतं, थोडं जास्त, आणि सोबत युरिया. तो म्हणाला की दाण्यांना लोशन चांगलं, पण आधी डॉक्टरला दाखवा, दाणे कसले आहेत ते मला न बघता सांगता येणार नाही. हे वाक्य मी ऐकलं होतं. मला आजही ते जसंच्या तसं आठवतं. पण मला घाई होती. डॉक्टर म्हणजे एक दिवस जाणार, आणि गुण यायला महिना लागतो हे मला माहीत होतं. एक दिवस तरी कशाला घालवायचा, असा माझा हिशोब.

त्या शनिवारी मी गावी गेलो. मांजरसुंब्याला गाडी बदलताना पिशवीतल्या बाटल्या दोनदा तपासल्या. घरी पोचलो तेव्हा आक्का ज्वारी निवडत बसली होती. बाटल्या बघून तिने आधी वास घेतला. मी तिला सगळं सांगितलं. कसं लावायचं, किती वेळ ठेवायचं, मग धुवायचं, आणि अंग पुसल्यावर लोशन.

"ॲसिड म्हणजे भाजत न्हाई का?" तिने विचारलं.

"हे तसलं न्हाई. लई सौम्य असतं."

मग तिने विचारलं, "म्हशीच्या पोटात गेलं तर?"

हा प्रश्न तिने का विचारला, ते गावाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या घरात तेव्हा अंघोळ तिसऱ्या दिवशी, अर्ध्या बादलीत, आणि घमेल्यात उभं राहून. घमेल्यातलं पाणी टाकायचं नाही. ते म्हशीच्या पाठीवर ओतायचं. म्हशीला ऊन सोसत नाही. अंगावर पाणी पडलं नाही तर ती धापा टाकते आणि दूध चोरते, पुरतं देत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या अंघोळीचं पाणी शेवटी म्हशीच्या पाठीवर जायचं, आणि म्हैस ते चाटायची. साबणसुद्धा आई हात आखडून देत असे.

मी क्षणभर विचार केला. मला उत्तर माहीत नव्हतं. पण कॉलेजात शिकणारा मी, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "पोटात जाऊ नये. ॲसिड हाय शेवटी."

ती "बरं" म्हणाली. रविवारी मी परत आलो.

पुढचे बारा-तेरा दिवस मी फोनवर विचारायचो, आणि ती सांगायची की लावते आहे. आग होती का? थोडी होती. मी म्हणायचो, सुरुवातीला थोडी चुरचुर होते, मलाही व्हायची. हे खरंच होतं. तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची तिला सवयच नव्हती.

मग परत गावी गेलो. तिने बाही वर केली. दोन्ही दंड लालबुंद झाले होते. कातडीचे पापुद्रे निघत होते, मधे मधे चकाकणारे ओले ठिपके. दाणे तर होतेच, आता त्यांच्या भोवती लाली. घामाचा थेंब ओघळला की ती ओठ मिटून घ्यायची. आधी जे किसणीसारखं होतं, ते आता खरोखर रोगासारखं दिसत होतं.

"धूत होतीस ना?" मी विचारलं.

ती म्हणाली, "धुतलं तर पाणी घमेल्यात पडतंय. तूच म्हणलास पोटात जाऊ नये. मग ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची."

"फडक्यानं फेस जातो होय?"

"दिसत तर नव्हता."

हळूहळू सगळं बाहेर आलं. अंघोळ तिसऱ्या दिवशी, पण बाटली तिने रोज लावली, कारण मी लवकर गुण यायला हवा म्हणालो होतो. फेस फडक्याने टिपला की वर काही दिसत नसे, पण औषध अंगावरच राहायचं, दिवसभर. त्यावर पुन्हा रोज लोशन. आणि दाणे लवकर झडावेत म्हणून एक दिवस आड ती पाय घासायच्या वजरीने दंड घासत होती.

मी म्हणालो, "दारात वेगळं ओतायचं ना मग ते पाणी."

आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "अन म्हशीवर काय ओतायचं, तुझं कॉलेज?"

आई अशी कधी बोलत नाही. आक्का म्हणाली, "त्याला कावून बोलती? त्यानं तर धू म्हणूनच सांगितलं व्हतं." आणि मग तिने जे सांगितलं ते मला सगळ्यांत जास्त लागलं. ती म्हणाली, "मी मापावर बसलेली बाई हाय. माझ्याच म्हशीच्या दुधात काय गेलं, तर मी कुणाचं दूध परत करायचं?"

तिला खुर्चीवरून उठवलं होतं, तरी ती मनाने तिथंच बसलेली होती. दुधाची काळजी घेऊनच तिने स्वतःचे हात भाजून घेतले होते.

त्याच संध्याकाळी मळ्यातल्या काकू काही कामाने घरी आल्या. आक्का आत गेली, पण त्यांनी हात बघितलेच. दारात चपला घालताना आईला एवढंच म्हणाल्या, "वाढलंय गं." गावभर तेच झालं. अध्यक्षबाईंचा निरोप आला की पुढच्या सभेत हा विषय घ्यावा लागेल, कायमचं कोणाला बसवायचं ते ठरवावं लागेल.

सोमवारी मी आक्काला घेऊन बीडला आलो. सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या खोलीपुढे मोठी रांग होती. आम्ही सकाळी बसलो आणि दुपारी नंबर लागला. डॉक्टरबाई वयाने फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी आक्काचे दंड उजेडात धरून बघितले, बोटांच्या बेचक्या बघितल्या, मनगटं बघितली. रात्री खाज सुटते का, घरात अजून कोणाला खाजतंय का, असं विचारलं. मग विचारलं, "ॲस्पिरिनची गोळी घेतल्यावर कधी अंगावर पित्त उठलं, दम लागला?"

"न्हाई."

"दिवस गेलेत का?"

आक्काने मान खाली घातली आणि नाही म्हणाली. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

"हे सगळं कोणी लावायला सांगितलं?"

आक्का पटकन म्हणाली, "मीच आणलं दुकानातनं."

मला तिथं गप्प राहता आलं असतं. काही क्षण मी राहिलोही. मग म्हणालो, "मी आणलं. मीच सांगितलं."

"काय शिकतोस?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री घेऊन."

त्या रागावल्या नाहीत. मी सगळं सांगितलं: पाठीच्या पुळ्या, बॉडी वॉश, घमेलं, म्हैस, वजरी. म्हशीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अर्ध्या बादलीत विरघळलेलं चमचाभर, तेही पाठीवर ओतलेलं. त्यातलं किती तिच्या पोटात जाणार होतं? आणि तेवढी भीती होती तर ते पाणी एक-दोनदा उकिरड्यावर टाकायला सांगायचं. माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं."

"हो," मी म्हणालो.

मग त्यांनी कागदावर केसाचं एक मूळ काढून दाखवलं. केसाच्या तोंडाशी कातडीचाच चिवट भाग, केराटिन, साचून बारीक बूच बसतं. त्याचा दाणा होतो. पुष्कळ लोकांना असतं, एकेका घरात बऱ्याच जणांना असतं. "तुझे दंड दाखव," त्या मला म्हणाल्या. मी बाही सारली. माझ्याही दंडाच्या मागे थोडे होते. एवढी वर्षं मला माहीत नव्हते, कारण मागचं कोण बघतं.

"हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. दुधाला तर काहीच होत नाही. सॅलिसिलिकने ते बूच सैल होतं, कातडी थोडी मऊ होते. पण थांबवलं की दाणे परत येतात. ही काही जंतू मारून संपणारी गोष्ट नाही. वाढत्या वयात कमी होतात कोणाचे, कोणाचे नाही होत."

आक्काने विचारलं, "म्हंजे पूर्ण बरे हुणार न्हाईत?"

"पूर्ण जातील असं मी सांगणार नाही. आणि नाही गेले तरी काही बिघडत नाही. आत्ता जे झालंय ते औषध अंगावर राहिल्याने झालंय. ते बरं होईल."

त्यांनी सगळं बंद करायला सांगितलं. दोन आठवडे फक्त साधं व्हॅसलीन, दिवसातून दोनदा. कातडी पूर्ण भरून आली की, वाटलं तरच, लोशन, रात्री, एक दिवस आड, पातळ. बॉडी वॉशची गरजच नव्हती. तो माझ्या पाठीसाठी ठीक होता, आणि तोही नीट धुवायला पाणी असेल त्याच दिवशी. वजरी टाचेला.

आम्ही उठलो. आक्का दारापर्यंत गेली आणि परत फिरली. म्हणाली, "म्याडम, तुमी जे बोललात ते कागदावर लिहून द्याल का? संस्थेत दाखवायचंय."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं, आणि दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं. मराठीत, चार ओळी. हा संसर्गजन्य आजार नाही, दूध हाताळण्यास हरकत नाही. खाली सही आणि शिक्का.

परतीच्या गाडीत आक्का खिडकीशी बसली होती. कागद तिने दुपट्ट्यात धरला होता, दुमडला नव्हता. मांजरसुंब्याला आम्ही गाडी बदलली. मग ती म्हणाली, "हात बरे झाले की ये म्हणत्यात. अन हे तर जाणारच न्हाई म्हणत्यात म्याडम."

"मग?"

"मग बरे झाले म्हणून कशाला जायचं? हायेत असे म्हणूनच जाते."

मला तेव्हा कळलं की माझी चूक फडक्याची किंवा घमेल्याची एवढीच नव्हती. काकूंनी म्हटलं हा रोग आहे, आणि मी लगेच औषध घेऊन धावलो. म्हणजे मीही तेच म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी हा कागद आणला असता, तर तिची कातडी सोलली नसती. दाण्यांना औषध लावण्यात वाईट काही नाही. तिला स्वतःला ते दाणे नको असते तर ती गोष्ट वेगळी होती. पण तिला ते कधी खुपलेच नव्हते. दुसऱ्यांना खुपले, म्हणून मी ते घालवायला निघालो होतो.

व्हॅसलीनने आठ दिवसांत आग थांबली. पंधरा दिवसांत लाली उतरली, पापुद्रे गेले. दाणे जसेच्या तसे राहिले. लोशनची बाटली तिने फळीवर ठेवून दिली. म्हणाली, पाऊस पडू दे, मग बघू.

सभा त्यानंतरच्या शनिवारी होती, आणि माझी परीक्षा त्याच आठवड्यात सुरू होत होती. मी येतो म्हणालो तर आक्का म्हणाली, "तू येऊन काय बोलणार? बायांची सभा हाय." शनिवारी संध्याकाळी फोन लावला, लागला नाही. रविवारीही नाही. गावात दोन दिवस लाइट नव्हती हे नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, वाईट झालं असणार, म्हणून कोणी उचलत नाही. सोमवारचा पेपर मी कसा लिहिला आठवत नाही.

मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आक्का केंद्रावर गेलीया. कालपास्नं."

मी होस्टेलच्या पायरीवर बसलो. आई सांगत गेली. अध्यक्षबाईंनी कागद सगळ्यांना वाचून दाखवला. तरी कुजबुज थांबेना, तेव्हा आक्का उठली आणि बाही वर करून प्रत्येकीच्या समोरून गेली. म्हणाली, हात लावून बघा, अन कागद खोटा वाटत असंल तर मी भाडं देते, बीडला जाऊन इचारून या. काही जणींनी हात लावला, काहींनी नाही लावला. एका म्हातारीने स्वतःच्या नातीचेही असेच आहेत म्हणून सांगितलं. शेवटी हात वर करून ठरलं, आणि आक्काची जागा आक्काला मिळाली.

"अन मळ्यातल्या काकू?"

"त्यांनी न्हाई केला हात वर." "त्यांचं दूध कालपास्नं खाजगी डेअरीच्या गाडीला जातंय. अजून दोन घरं गेली त्यांच्या मागं. कॅन पुरा भरत न्हाई आता."

"आक्का काय म्हणती?"

"काय म्हणंल? बाह्या सारून माप घेती. गेलेलं दूध मोजायचं नसतंय म्हणती, आलेलं मोजायचं."